लोखंडी फाटक व खिडकीच्या ग्रिलचे गंजनिवारण

लोखंडी फाटक व खिडकीच्या ग्रिलचे गंजनिवारण म्हणजे त्यांवरील सुटलेला रंग आणि गंज काढून धातूचा पृष्ठभाग स्वच्छ करणे व त्यावर गंजरोधक प्रायमरचा लेप देणे होय. घराच्या देखभालीतील हे काम महाराष्ट्रात सामान्यतः हिवाळा संपल्यावर आणि मृगाचा पाऊस पडण्यापूर्वी केले जाते. सातारा आणि सांगली हे दोन जिल्हे या कामाच्या दृष्टीने लक्षात घेण्याजोगे आहेत. महाबळेश्वरची अतिवृष्टी, माण-आटपाडीचा दुष्काळी पट्टा आणि कृष्णाकाठचा पूर या तिन्ही परिस्थिती येथे थोड्याशा अंतरावर आढळतात आणि त्या प्रत्येकीत लोखंड वेगळ्या रीतीने गंजते.

रंगकामाचा टिकाऊपणा वरच्या चकचकीत रंगापेक्षा त्याखालच्या तयारीवर अधिक अवलंबून असतो. भारतीय मानक ब्यूरोची इमारतींतील लोहधातूंच्या रंगकामाविषयीची संहिता (आयएस १४७७) दोन भागांत आहे. तिचा संपूर्ण पहिला भाग रंग लावण्यापूर्वीच्या पूर्वतयारीला दिलेला असून प्रत्यक्ष रंगकाम दुसऱ्या भागात येते.

## गंज कोठे धरतो

लोखंड, पाणी आणि ऑक्सिजन एकत्र आले की लोखंडाचे जलयुक्त ऑक्साइड तयार होते. त्यालाच गंज म्हणतात. साताऱ्याच्या कास पठारावर आणि महाबळेश्वराच्या माथ्यावर आढळणाऱ्या जांभ्या दगडाचा तांबूस-पिवळसर रंग ज्या खनिजांमुळे येतो, ती गोएथाइट आणि हेमेटाइट ही खनिजे लोखंडाची ऑक्साइडेच आहेत. गोएथाइट हा तर गंजाचा एक प्रमुख घटक आहे. लोखंड खनिजातून ऊर्जा खर्चून मिळवले जाते आणि संधी मिळताच ते पुन्हा खनिजरूपाकडे वळते.

ही क्रिया सर्वत्र सारख्या गतीने होत नाही. केंब्रिज येथील रसायनशास्त्रज्ञ यू. आर. इव्हान्स यांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात एक साधा प्रयोग केला. लोखंडाच्या स्वच्छ पत्र्यावर खाऱ्या पाण्याचा एक थेंब ठेवला असता थेंबाच्या कडेला हवेतील ऑक्सिजन सहज पोहोचतो, मध्यभागी मात्र तो कमी पडतो. लोखंड विरघळते ते या मध्यभागी, म्हणजे जेथे ऑक्सिजन कमी आहे तेथे. कडेचा भाग त्या काळात सुरक्षित राहतो आणि तपकिरी गंज या दोन भागांच्या मधे कड्यासारखा जमतो.

ग्रिलवर याच थेंबाची अनेक रूपे दिसतात. सळई पट्टीतून आरपार जाते तेथील बारीक फट, दोन पट्ट्या एकमेकींवर टेकतात ती जागा, वेल्डिंगचा अर्धवट भरलेला सांधा, फाटकाच्या खालच्या आडव्या चॅनेलमधील माती आणि ग्रिलचा पाय भिंतीत शिरतो ती गिलाव्याची भेग या जागांत पाणी शिरते, पण वाळत नाही. आत ऑक्सिजन कमी आणि ओल कायम राहिल्याने धातू तेथेच खाल्ला जातो. उघड्यावरची मधली सळई तांबूस दिसत असली तरी बहुधा धडधाकट असते. गंजाने तुटणारे ग्रिल तुटते ते सांध्याशी किंवा चौकटीच्या तळाशी.

सुटलेल्या रंगाचा पोपडाही अशीच फट निर्माण करतो. रंगाला बारीक तडा गेला की पाणी केशाकर्षणाने रंगाखाली सरकते. गंजाचे आकारमान मूळ लोखंडाच्या दुपटीहून अधिक असल्यामुळे तो रंगाला खालून उचलतो, तडा रुंदावतो आणि आणखी पाणी आत जाते. म्हणून निम्मा सुटलेला पोपडा हा रंग नसल्यापेक्षा वाईट समजावा. उघडी सळई पाऊस थांबल्यावर तासाभरात वाळते, तर पोपड्याखालची ओल दिवसभर टिकू शकते.

## हवामान आणि कामाचा हंगाम

गंजाचा वेग एकूण पावसापेक्षा धातू किती तास ओला राहतो यावर ठरतो. पाऊस नसतानाही हवेतील सापेक्ष आर्द्रता साधारण साठ टक्क्यांच्या वर गेली, की धूळ आणि क्षार असलेल्या पृष्ठभागावर ओलाव्याचा न दिसणारा थर धरू लागतो. महाबळेश्वरात वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि पावसाळ्यात आठवडेच्या आठवडे धुके हटत नाही. तेथे पावसापासून बचावासाठी घरांच्या भिंतींवर गवताचे किंवा प्लास्टिकचे आच्छादन बांधण्याची पद्धत आहे. या आच्छादनामागे अडकलेल्या ग्रिलला थेट पाऊस लागत नाही, पण ऊन आणि वाराही मिळत नाही. अशा ठिकाणी दरवर्षी तपासणी करणे आवश्यक ठरते. सांगलीत पाऊस याच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास असतो, तर पूर्वेकडील जत, आटपाडी, माण या तालुक्यांत तो आणखी कमी पडतो. तेथे चांगले केलेले काम अनेक वर्षे टिकते. तेथे लोखंडापेक्षा रंगच आधी थकतो, कारण कडक उन्हाने त्याचा वरचा थर भुरभुरीत होतो आणि बोटाला पांढुरकी भुकटी लागते.

प्रायमर लावण्यासाठी या भागात फेब्रुवारीच्या मध्यापासून एप्रिलअखेरपर्यंतचा काळ सर्वांत सोयीचा आहे. डिसेंबर-जानेवारीत हवा कोरडी असली तरी पहाटे दव पडते. लोखंड रात्री आसपासच्या हवेपेक्षा लवकर थंड होते, त्यामुळे दव आधी ग्रिलवर धरते. ते डोळ्यांना दिसेनासे झाले तरी सांध्यांत शिल्लक असते. रंगकामाच्या सर्वमान्य नियमानुसार धातूचे तापमान दवबिंदूपेक्षा किमान ३ अंश सेल्सिअसने जास्त असावे. घरगुती कामात त्यासाठी उपकरणाची गरज नाही. ऊन ग्रिलवर येऊन तासभर झाल्यानंतर काम सुरू करावे आणि दुपारी चारच्या आत थांबावे, म्हणजे लेप संध्याकाळच्या गारव्यापूर्वी वरून सुकतो.

मे महिन्यात अडचण उलटी असते. पश्चिमेकडील फाटक दुपारी इतके तापते की त्यावर तळहात ठेववत नाही. अशा धातूवर लावलेल्या प्रायमरमधील द्रावक झपाट्याने उडून जातो, लेप नीट पसरण्यापूर्वीच त्यावर साय धरते आणि बारीक फोड येतात. त्यातच मेमध्ये वळवाचा पाऊस कोणत्याही दुपारी येऊ शकतो. मेमध्येच काम करणे भाग असल्यास सकाळच्या सावलीची बाजू आधी घ्यावी.

## खरवडण्यापूर्वीची तपासणी

प्रत्येक ग्रिल पूर्ण धातूपर्यंत सोलण्याची गरज नसते. घट्ट चिकटलेला जुना रंग हा चांगला आधार असतो आणि तो ठेवल्याने श्रम वाचतात. तो घट्ट आहे की नाही हे पाहण्यासाठी पात्याने रंगावर फुलीसारखे दोन छेद द्यावेत, त्यावर चिकटपट्टी दाबून बसवावी आणि झटक्याने ओढावी. छेदाच्या कडांचा रंग पट्टीबरोबर निघाला तर त्या भागातील रंग काढलाच पाहिजे.

दुसरी तपासणी मजबुतीची आहे. चौकोनी पाइपाच्या फाटकाचा तळ स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने दाबून पाहावा. टोक आत गेले किंवा पत्रा दबला, तर पाइप आतून गंजलेला आहे आणि वरून कितीही रंग दिला तरी उपयोग नाही. भरीव सळईसाठी जाडी मोजावी. दहा मिलिमीटरची चौकोनी सळई गंजून सर्व बाजूंनी मिळून आठ मिलिमीटरची झाली असेल, तर तिचे छेदक्षेत्र १०० चौरस मिलिमीटरवरून ६४ वर आलेले असते, म्हणजे एक तृतीयांशाहून अधिक धातू गेलेला असतो. नजरेला हा फरक किरकोळ वाटतो. बिजागरीजवळच्या किंवा भिंतीत रोवलेल्या भागाची अशी झीज झाली असल्यास रंगाऱ्याआधी वेल्डरला बोलवावे, कारण फाटकाचा सगळा भार याच भागावर असतो.

जुन्या घरांत आणखी एका गोष्टीची दखल घ्यावी लागते. भारतात घरगुती रंगांतील शिशाचे प्रमाण दशलक्ष भागांत ९० भागांपर्यंत मर्यादित करणारे नियम २०१६ मध्ये अधिसूचित झाले आणि १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाले. त्यापूर्वीच्या ऑइल पेंटमध्ये, विशेषतः पिवळ्या, केशरी आणि लाल छटांत, शिसे असण्याची शक्यता बरीच आहे. लोखंडाचा सर्वांत जुना आणि एके काळी सर्वोत्तम मानला गेलेला प्रायमर तर शिशाच्या तांबड्या ऑक्साइडचा, म्हणजेच शेंदराचा होता. तो जवसाच्या तेलात कालवून लावत. मारुतीच्या मूर्तीवर तेलात कालवून चढवला जाणारा पारंपरिक शेंदूर रासायनिकदृष्ट्या तोच पदार्थ आहे. अशा रंगाची कोरडी धूळ श्वासात जाणे लहान मुलांना आणि गर्भवतींना घातक असते. म्हणून जुना रंग पाणी शिंपडून ओल्या स्थितीत खरवडावा, खाली प्लास्टिकचा कागद अंथरावा आणि पडलेले पोपडे झाडून न टाकता गुंडाळून उचलावेत. जुना रंग मशीनने कोरडा घासणे किंवा जाळून काढणे टाळावे. दोन्ही प्रकारांत शिसे हवेत मिसळते.

## पृष्ठभागाची तयारी

कामाचा क्रम साधा असला तरी त्यातील पहिली पायरी बहुधा गाळली जाते. खरवडण्यापूर्वी ग्रिल साबणाच्या पाण्याने धुऊन वाळू द्यावे. स्वयंपाकघराच्या खिडकीवरील फोडणीचा तेलकट थर, बिजागरीतून ओघळलेले ग्रीस आणि रस्त्याची धूळ आधी निघाली नाही, तर ब्रश तोच तेलकटपणा उघड्या धातूवर पसरवतो. धुतल्यावर पाणी सलग पसरले तर पृष्ठभाग स्वच्छ आहे. ते मण्यांसारखे गोळा झाले तर तेल शिल्लक आहे असे समजावे.

त्यानंतर मोठे पोपडे पत्र्याच्या खरवडणीने काढावेत. जाड गंजाचे थर लहान हातोडीने हलके ठोकले की सुटतात. ठोकताना लोखंडाचा खणखणीत आवाज आल्यास आत धातू आहे, बद्द आवाज आल्यास आत थर सुटलेले आहेत. मग तारेचा ब्रश येतो. ड्रिल मशीनला लावायचा वाटीच्या आकाराचा तारेचा ब्रश काम जलद करतो, पण तो एकाच जागी फार वेळ धरू नये. तसे केल्यास गंज निघण्याऐवजी दाबला जाऊन चकाकू लागतो आणि स्वच्छ धातूचा भास होतो. अशा चकाकीवर ८० नंबरचा एमरी पेपर चार वेळा फिरवला की खरा रंग उघड होतो, कारण धातू राखाडी दिसतो आणि दाबलेला गंज पुन्हा तपकिरी पडतो.

सांध्यांना स्वतंत्र वेळ द्यावा लागतो. वाटीचा ब्रश तेथे पोहोचत नाही. अरुंद तारेचा ब्रश, जुन्या हॅकसॉ ब्लेडचा तुकडा आणि दोरीसारखी वळलेली एमरी कापडाची पट्टी ही तेथील खरी हत्यारे आहेत. पट्टी सळईभोवती गुंडाळून दोन्ही टोके आळीपाळीने ओढली की मागची बाजूही साफ होते. भिंतीकडची बाजू दिसत नाही म्हणून सोडली जाते आणि पुढचा गंज तेथूनच सुरू होतो.

ज्या ठिकाणी उघडा धातू आणि टिकलेला जुना रंग एकमेकांना भिडतात, तेथे रंगाची कड उतरती करावी. १२० नंबरच्या कागदाने घासून बोट फिरवल्यावर पायरी लागणार नाही इतकी ती सपाट व्हावी. पायरी तशीच राहिली तर नवीन लेप तिच्या धारेवर पातळ पडतो आणि पहिला तडा तेथे जातो.

हाताने केलेल्या सफाईचा दर्जा सांगण्यासाठी आयएसओ ८५०१-१ या आंतरराष्ट्रीय मानकात एसटी-२ आणि एसटी-३ अशा दोन श्रेणी आहेत. दुसऱ्या श्रेणीत सुटा गंज, सुटा रंग आणि तेल पूर्ण निघालेले असते. तिसऱ्या श्रेणीत सफाई इतकी सखोल असते की धातूची चमक दिसते. घरगुती ग्रिलसाठी एसटी-२ पुरेशी आहे. सांध्यांत आणि फाटकाच्या तळाशी मात्र एसटी-३ पर्यंत जाण्याचा प्रयत्न करावा. काम पुरे झाले की नाही याची सोपी कसोटी पांढऱ्या कोरड्या फडक्याची आहे. फडके दाबून फिरवल्यावर तपकिरी भुकटी लागत असेल तर ब्रश पुन्हा हाती घ्यावा.

घरोघरी सांगितल्या जाणाऱ्या उपायांविषयी येथे थोडे लिहिणे आवश्यक आहे. चिंच, लिंबू किंवा व्हिनेगर यांतील आम्ल गंज विरघळवते हे खरे आहे, आणि कडी-कोयंडा किंवा नटबोल्ट रात्रभर बुडवून ठेवण्यासाठी ते उपयोगी आहेत. भिंतीत बसवलेल्या ग्रिलवर मात्र आम्ल सांध्यांत उतरते, धुऊन पूर्ण निघत नाही आणि काही तासांत नवा केशरी गंज आणते. बाजारात मिळणारी फॉस्फोरिक आम्लयुक्त गंजरूपांतरक द्रव्ये पातळ, घट्ट गंजाला काळसर फॉस्फेटच्या थरात बदलतात. ती खड्ड्यांतील उरलेल्या गंजावर वापरावीत, जाड सुट्या थरांवर नव्हे, कारण ती वरचाच थर बदलतात आणि खालचा गंज तसाच राहतो. खरवडल्यानंतर ग्रिल रॉकेलने पुसण्याची सवय तर सोडून द्यावी. रॉकेल पूर्ण उडून जात नाही, मागे तेलकट पापुद्रा ठेवते आणि प्रायमर त्यावर धरत नाही. शेवटचे पुसणे रंगासाठी वापरल्या जाणाऱ्या टर्पेंटाइनने किंवा थिनरने, स्वच्छ फडक्याने करावे.

## प्रायमर

सर्वत्र मिळणारा विटकरी रंगाचा रेड ऑक्साइड प्रायमर लोहाच्या ऑक्साइडपासूनच बनतो. हे ऑक्साइड स्वतः आणखी गंजू शकत नाही आणि लेपात भरावासारखे बसून पाण्याची वाट लांबवते, परंतु ते गंजाची क्रिया थांबवत नाही. क्रिया रोखण्याचे काम जस्ताची संयुगे करतात. आयएस २०७४ या मानकात वर्णिलेल्या प्रायमरमध्ये रेड ऑक्साइडबरोबर झिंक क्रोम असते. त्यातील क्रोमियम कर्करोगकारक स्वरूपाचे असल्याने त्याचा सुकलेला लेप घासताना मास्क आवश्यक आहे. झिंक फॉस्फेट असलेले प्रायमर यापेक्षा निर्धोक आहेत. दोन डब्यांच्या किमतीत मोठा फरक दिसत असेल, तर डब्यावरील घटकांत जस्ताचे संयुग आहे की नुसते रेड ऑक्साइड हे पाहावे.

डबा उघडल्यावर तळाशी बसलेला गाळ काठीने वर आणून पाच मिनिटे ढवळावे. वरवर ढवळलेल्या डब्यातील पहिला अर्धा भाग रंगद्रव्याविना नुसता तेलकट जातो. थिनर दहा टक्क्यांच्या आत ठेवावा. अधिक थिनरने लेप चटकन पसरतो, पण सुकल्यावर इतका पातळ उरतो की खडबडीत धातूचे उंचवटे उघडे राहतात. ब्रशने दिलेला चांगला एक लेप सुकल्यावर साधारण ३० मायक्रॉन, म्हणजे केसाच्या निम्म्याहूनही कमी जाडीचा असतो. प्रायमरचे दोन लेप का द्यावेत हे यावरून लक्षात येईल.

द्रव लेप पृष्ठताणामुळे धारदार कडेवरून मागे सरकतो आणि सपाट भागावर जमतो. म्हणून सर्व कडा, सांधे आणि वेल्डिंगच्या जागांना आधी एक वेगळा हात द्यावा आणि मग संपूर्ण ग्रिलवर लेप घ्यावा. सांध्यात ब्रशचे टोक उभे करून प्रायमर ठोकत घालावा. नुसता फिरवलेला ब्रश फटीवर पूल बांधतो आणि आत हवा राहते.

सफाई आणि पहिला लेप एकाच दिवशी व्हायला हवेत. स्वच्छ लोखंडावर रात्रीच्या दवाने सकाळपर्यंत केशरी झाक येते आणि आदल्या दिवसाचे श्रम वाया जातात. एका दिवसात जेवढे खरवडून रंगवता येईल तेवढेच ग्रिल हाती घ्यावे.

प्रायमरविषयीचा सर्वांत महागात पडणारा गैरसमज म्हणजे तो लावला की लोखंड सुरक्षित झाले असे समजणे. प्रायमर मुद्दाम मंद आणि किंचित सच्छिद्र ठेवलेला असतो, जेणेकरून वरचा रंग त्याला घट्ट धरेल. तीच सच्छिद्रता पावसाचे पाणीही आत घेते. वर्कशॉपमधून विटकरी रंगात आलेले नवे फाटक वास्तुशांतीनंतर रंगवू म्हणून एक पावसाळा तसेच राहिले, तर दिवाळीपर्यंत त्याच्या सांध्यांतून तपकिरी ओघळ उतरलेले दिसतात. नव्या लोखंडावर अनेकदा निळसर-काळी, गुळगुळीत साल असते. ती तप्त अवस्थेत लाटताना तयार झालेली ऑक्साइडची साल असून वर्षभरात तडकते आणि आपल्यासह प्रायमरही घेऊन पडते. म्हणून नव्या फाटकालाही एमरी पेपरचा हात आवश्यक असतो. प्रायमरच्या दुसऱ्या लेपानंतर काही दिवसांतच एनॅमल रंगाचे दोन लेप द्यावेत.

## उदाहरण : चार फुटी ग्रिल

एका खिडकीचे ग्रिल चार फूट लांब आणि चार फूट उंच, म्हणजे सुमारे १.२ मीटर चौरस आहे असे मानू. त्यात दहा मिलिमीटरच्या अकरा उभ्या सळया आहेत. चौकटीच्या चार आणि मधल्या दोन आडव्या अशा एकूण सहा पट्ट्या २५ मिलिमीटर रुंद व ५ मिलिमीटर जाड आहेत.

एका सळईचा परीघ ४० मिलिमीटर आहे. १.२ मीटर लांबीला तिचे क्षेत्रफळ ०.०४८ चौरस मीटर भरते आणि अकरा सळयांचे मिळून सुमारे ०.५३. पट्टीचा परीघ ६० मिलिमीटर धरता सहा पट्ट्यांचे सुमारे ०.४३ चौरस मीटर होते. एकूण रंगवायचा पृष्ठभाग जवळपास एक चौरस मीटर आहे. रंगारी मात्र हे काम खिडकीच्या मापाने, १६ चौरस फूट असे मोजतात आणि त्यात दोन्ही बाजू धरलेल्या असतात. ठरवताना ही गोष्ट आधीच स्पष्ट करून घ्यावी, नाहीतर आतली बाजू वेगळी मोजण्यावरून वाद होतो.

एक लिटर प्रायमर ब्रशने सुमारे आठ ते दहा चौरस मीटरवर एक लेप देतो. अशा चार ग्रिलना दोन लेपांसाठी एक लिटरचा डबा जेमतेम पुरतो. चारही ग्रिल झाल्यावर डब्यात निम्मा प्रायमर शिल्लक असेल, तर लेप पातळ गेले असे खुशाल समजावे.

वेळेचा हिशेब क्षेत्रफळावर बसत नाही. प्रत्येक सळई चार आडव्या पट्ट्यांना भेटते, त्यामुळे या एका ग्रिलमध्ये सळयांचे ४४ सांधे आहेत. प्रत्येकाला दोन मिनिटे दिली तरी दीड तास होतो, तर मोकळ्या सळया त्याहून कमी वेळात साफ होतात. सकाळी नऊला सुरुवात केल्यास एकट्या माणसाची सफाई दुपारच्या जेवणापर्यंत आटोपते. त्यानंतर कडांना हात आणि पहिला लेप साडेतीनपर्यंत पूर्ण होतो. दुसऱ्या दिवशी ऊन आल्यावर २२० नंबरच्या कागदाने हलके घासून, धूळ पुसून दुसरा लेप द्यावा. नख दाबल्यावर लेपावर खूण उमटत असेल तर तो अजून कच्चा आहे आणि आणखी एक दिवस थांबावे.

ग्रिलचा पाय खिडकीच्या उंबऱ्यात शिरतो तेथील सैल गिलावा रंगापूर्वी काढून ती जागाही साफ करावी. रंग सुकल्यावर भेग लवचीक सीलंटने बंद करावी आणि उंबऱ्याला बाहेरच्या बाजूस उतार द्यावा. पाणी तेथे साचत राहिले तर फुगणारा गंज उंबऱ्याचा कोपराही फोडतो.

## पुरात बुडालेली फाटके

सांगली शहराला कृष्णेच्या पुराचा फटका २००५, २०१९ आणि २०२१ या वर्षांत मोठ्या प्रमाणावर बसला. आयर्विन पुलाजवळ नदीची धोक्याची पातळी ४५ फूट मानली जाते. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेले आणि सखल भागांतील घरे कित्येक दिवस पाण्यात होती. अशा पुरानंतर फाटकाची समस्या नेहमीच्या पावसाळ्याहून वेगळी असते. चिकणमातीचा बारीक गाळ प्रत्येक फटीत आणि पोकळ पाइपांत शिरतो व ओल आठवडेच्या आठवडे धरून ठेवतो. वरचा रंग शाबूत दिसतो आणि पाइप आतून खाल्ला जात असतो.

पाणी ओसरताच, गाळ ओला असतानाच फाटक स्वच्छ पाण्याच्या जोरदार धारेने धुणे हा पहिला उपाय आहे. वाळलेला गाळ सांध्यांत विटेसारखा बसतो. त्यानंतर प्रत्येक बंद पाइपाच्या सर्वांत खालच्या बिंदूला सहा मिलिमीटरचे भोक पाडावे. त्यातून पाणी वाहिले तर पाइप भरला होता हे कळते. हे भोक बुजवू नये, पुढेही पाणी निघण्याची वाट तीच असते. भोक पाडताना ड्रिलबरोबर चकचकीत धातूचा कीस येण्याऐवजी तपकिरी चुरा आला, तर खालचा आडवा पाइप बदलणे रंगवण्यापेक्षा स्वस्त पडते.

पुरानंतर लगेच रंगकाम करण्याचा मोह होतो, कारण सण तोंडावर असतात. खांबांचा आणि जोत्याचा ओलावा निघेपर्यंत मात्र भिंतीत रोवलेले लोखंड वाळत नाही. तोपर्यंत उघड्या पडलेल्या जागांवर प्रायमरचा एक तात्पुरता हात द्यावा आणि खरे काम फेब्रुवारीवर ठेवावे. त्या वेळी तात्पुरता लेप घट्ट असल्याची चिकटपट्टीने खात्री करावी, सुटत असल्यास तो पूर्ण काढावा.

## जस्तलेपित लोखंड

वर दिलेली पद्धत साध्या लोखंडाला लागू पडते. अलीकडे अनेक फाटके जस्ताचा मुलामा दिलेल्या पाइपांची, म्हणजे जीआय पाइपांची बनतात. मुलामा शाबूत असलेल्या भागावर रेड ऑक्साइड प्रायमर थेट लावू नये. अशा प्रायमरमधील तेल-राळेचा जस्ताशी संयोग होऊन साबणासारखा थर तयार होतो आणि वर्ष-दोन वर्षांत लेप सबंध पापुद्र्यासारखा सोलून येतो. नितळ राखाडी पृष्ठभाग आणि पांढुरकी भुकटी ही जस्ताची ओळख आहे, कारण जस्ताचा गंज पांढरा असतो. अशा पाइपांसाठी जस्तावर चालणारा वेगळा प्रायमर मिळतो. वेल्डिंगच्या उष्णतेने मुलामा जळालेल्या सांध्यांवर मात्र तपकिरी गंज येतो. तेवढीच जागा धातूपर्यंत घासून तिला जस्ताचे प्रमाण अधिक असलेला प्रायमर द्यावा.

दारात जस्तलेपित पाइप आणि साध्या लोखंडाची नक्षी एकत्र जोडलेली असल्यास दोन्हींना आपापला प्रायमर लागतो. वरचे एनॅमल मात्र एकच चालते.